ऑफिसच्या ‘सक्तीच्या’ पार्टीला नाही म्हणताना या चुका टाळा

समजा, ऑफिस हिंजवडीत आणि घर कोथरूडला आहे. घरी सासूबाईंना डिमेन्शिया आहे. दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशींची ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८. अशात सोमवारी मेल येतो: शुक्रवारी संध्याकाळी ७ ते ११ वार्षिक कार्यक्रम, सगळ्यांची हजेरी अनिवार्य, बस ऑफिसमधून सुटेल. मावशी निघायच्या आत घरी पोचायचं तर ऑफिसमधून साडेसहाला निघावंच लागतं, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याच्याही आधी. तेव्हा जमणार नाही हे सोमवारीच ठरलेलं असतं. तरीही बहुतेक जण शुक्रवारपर्यंत गप्प राहतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महाग पडतं ते ‘बघते, जमलं तर येते’. सांगणाऱ्याला तो सौम्य नकार वाटतो, आयोजक मात्र त्याला होकार धरतात. केटररला ताटांचा आकडा दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो, बसच्या जागाही तेव्हाच मोजल्या जातात. शुक्रवारी दुपारी नाव कमी केलं तर तुमच्या ताटाचे पैसे गेलेलेच असतात, आणि मग नाराजी न येण्याची राहत नाही, ऐन वेळी सांगितल्याची होते. मेल आल्यापासून चोवीस तासांत सांगा. आधी साहेबांना दोन मिनिटं प्रत्यक्ष भेटा आणि लगेच त्याचाच मेल करा, आयोजकांना प्रत ठेवून. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लिहू नका. तिथे एकाने नकार दिला की पाठोपाठ आणखी चार येतात, आणि साहेबांना सगळ्यांसमोर कडक व्हावं लागतं.

दुसरी चूक कारणाच्या मापाची. ‘घरी थोडी अडचण आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ती सुटण्यासारखी वाटते. उलट आजाराचा सगळा इतिहास सांगितला तर तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर चर्चेला येतो, आणि ज्यांचा आजार आहे त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. कोणाची काळजी, किती वाजल्यापासून आणि पर्यायी माणूस नाही, एवढ्या तीनच गोष्टी पुरतात. निदानाचं नाव सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

मेल असा:

‘सर, शुक्रवारच्या वार्षिक कार्यक्रमाला मला येता येणार नाही. सासूबाई आजारी असतात, त्यांना एकटं ठेवता येत नाही. सांभाळणाऱ्या मावशी रात्री ८ ला जातात, त्यानंतर घरी मीच असते. जेवणाच्या आणि बसच्या यादीतून माझं नाव कमी करावं, ही विनंती. सत्काराच्या फोटोंचं सादरीकरण गुरुवारी दुपारपर्यंत तयार करून देते.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कार्यक्रमाला हातभार लागला की तुम्ही अंग काढून घेताय असं वाटत नाही. पण झेपेल तेवढंच कबूल करा. नाहीतर गुरुवारची रात्र त्यात जाते.

मग हमखास प्रश्न येतो: ‘एक दिवस कुणाला तरी बसवा ना.’ इथे चिडू नका आणि ‘बरं, बघते’ही म्हणू नका, कारण त्याने पहिला नकार पुसला जातो. डिमेन्शियात संध्याकाळ उतरली की गोंधळ आणि अस्वस्थता वाढलेली अनेकदा दिसते. अशा वेळी अनोळखी माणूस घरात आला की घाबरणं, जेवण नाकारणं, दाराकडे धावणं असं होऊ शकतं. नव्या बाईला आधी काही दिवस ओळखीच्या माणसासोबत बसवावं लागतं. एवढं सगळं साहेबांना सांगायला नको. ‘नवीन माणसाजवळ त्या संध्याकाळी राहत नाहीत, म्हणून शक्य नाही’ हे शांतपणे म्हणा आणि थांबा.

ताप आल्याची थाप मारू नका. ही जबाबदारी एका दिवसाची नाही. पुढच्या दिवाळी मेळाव्याला परत कारण लागेल, आणि तिसऱ्या तापाला खरं कारणही कुणी मानणार नाही.

‘अर्धा तास तोंड दाखवून जा’ हा आग्रह मावशी खरोखर दहापर्यंत थांबणार असतील तरच माना. त्यांना जादा तासांचे पैसे आणि रात्री घरी जायला रिक्षाभाडं ठरवून द्या. ब्यूरोतर्फे आल्या असतील तर तिथेही आधी कळवा. स्वतःच्या गाडीने जा. कंपनीची बस कार्यक्रम संपल्यावरच परतते, आणि अर्धा तास म्हणून गेलेला माणूस ११ पर्यंत तिथेच अडकतो. निघायची वेळही पोचल्या पोचल्याच साहेबांना सांगून ठेवा.

इतकं करूनही ‘यावंच लागेल’ असं उत्तर आलं, तर वाद न घालता एचआरला दोनच प्रश्न लेखी विचारा: ही हजेरी कामाच्या वेळेत धरली जाते का, आणि न आल्यास मूल्यांकनावर परिणाम होतो का? तोंडी सांगितलेली सक्ती लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा सैल पडते. सोबत तुमचा सोमवारचा मेल जोडा.