गंजलेली कॉटर पिन काढताना क्रँक कसा वाचवायचा

सोलापूरच्या कोरड्या हवेत सायकलची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा ऊर्फ क्रँक मधल्या आसाला घट्ट धरणारी पाचर, सहसा इतकी जाम होत नाही. पण गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेली काळी सायकल चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात काम करणाऱ्या काकांची होती. सुती धाग्याच्या रंगाला मीठ लागतं आणि ते खारट पाणी वर्षानुवर्षं क्रँकवर उडत होतं. पिन आणि क्रँक एकजीव झाले होते.

पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवायचं तेल टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नट सैल करून पिनेच्या टोकाशी बरोबर सपाटीला आणा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

आता आधार. "ठोक अजून" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आधाराचं मात्र कोणी बोलत नाही. मीही सुरुवातीला एक क्रँक नुसताच अधांतरी ठोकला होता. पिन हलली नाही, पण सगळा मार छर्‍यांवर गेला, कपात खाचा पडल्या आणि पायडल फिरवताना हाताला कटकट लागायला लागली. तेव्हापासून आधाराशिवाय मी हातोडा उचलत नाही.

अर्धा इंची लोखंडी पाइपचा तुकडा घ्या. पिनेचं जाड डोकं त्याच्या पोकळीत सहज उतरतं आणि क्रँक मात्र काठावर टेकतो. नट वर येईल असा क्रँक आडवा धरा. त्याच्या खालच्या बाजूपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा आणि पाइप त्याहून सेंटीमीटरभर लांब कापा. कापलेलं तोंड कानसीने सपाट करा. पाइप पिनेच्या बरोबर खाली उभा केला की चाक किंचित उचललं जातं. सायकलचं वजन पाइपवर आलं याची हीच खूण. फरशी टाइल्सची नको, काँक्रीटची हवी. सायकल दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा.

मग किलोभराच्या हातोड्याने एकच, सरळ आणि जोरदार घाव. लहान हातोड्याने टकटक करत बसू नका. त्याने पिन सुटत नाही, फक्त टोक पसरतं आणि मग ते भोकातून जातच नाही. हातोडा उसळून परत आला, तर पाइप नीट टेकलेला नाही. तो पुन्हा बसवा. काकांची पिन दुसऱ्या घावाला सुटली.

तीन-चार घावांत हलली नाही किंवा टोक वाकलं, तर थांबा. टोक आरीने कापा, मधोमध पंचाने खूण करा आणि आधी 3, मग 5 मिलिमीटरचं भोक सरळ पाडा. पिन आतून पोकळ झाली की तिची पकड ढिली होते. मग त्याच पाइपवर पंच लावून ठोका. गॅसने तापवायचा सल्ला मी मानत नाही, क्रँकचं निकेल जातं आणि आतलं ग्रीस जळतं.

जुनी पिन परत वापरू नका. नवी बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा आवळा.