बसची वाट पाहताना घ्यायचे खेळ: गोंधळ वाढवणाऱ्या या चुका टाळा

तिसरीची 36 मुलं, सोबत दप्तरं, बस यायला पाऊण तास आणि हातात खडू नाही की चेंडू नाही. अशा वेळी खेळ घ्यायचाच, पण कुठलाही खेळ घेऊन भागत नाही. वर्गात रंगणारा खेळ रस्त्याकडेला दहा मिनिटांत ढकलाढकलीवर येतो, आणि मग दोष मुलांवर जातो. खरं तर खेळाच्या रचनेतच काही गोष्टी चुकलेल्या असतात.

चूक पहिली: मुलं रांगेतच ठेवून खेळ सुरू करणं

दोन-दोनच्या रांगेत 36 मुलं म्हणजे 18 जोड्या. हातभर अंतर धरलं तरी शेवटची जोडी शिक्षकांपासून दहा-बारा मीटर लांब जाते. तिला सूचना अर्धवट ऐकू येते, समोर फक्त पुढच्याचं दप्तर दिसतं. गडबड नेहमी शेपटाकडून सुरू होते, ती यामुळेच.

आधी मुलांना बसवा. प्रत्येकी 12 जणांच्या तीन ओळी, त्याही थोड्या वळवलेल्या, म्हणजे अर्धगोल होईल. दप्तर पाठीवरून काढून मांडीवर. मांडीवर दप्तर असलं की मूल उगाच उठत नाही. मुलांची पाठ रस्त्याकडे असावी आणि तुमचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे येणारं वाहन तुम्हाला दिसतं आणि मुलांचं लक्ष त्याने जात नाही. बसायला जागा नसेल तर याच अर्धगोलात उभं करा, पण मग डोळे मिटायचे खेळ अजिबात नकोत.

चूक दुसरी: 'आउट' करणं

'चिमणी उड, कावळा उड' हा खेळ सगळ्यांना येतो म्हणून आपण तोच आधी काढतो. 'टेबल उड' म्हटल्यावर ज्याचा हात वर गेला तो बाद. चार-पाच फेऱ्यांत निम्मी मुलं बाद होतात, आणि सर्वांत आधी बाद होतं ते चुळबुळं, घाईचं मूल. म्हणजे ज्याला खेळात गुंतवून ठेवायची सर्वाधिक गरज होती, तेच मोकळं सुटलं. पुढची दहा मिनिटं ते काय करणार?

नियम एवढाच बदला: ज्याचं चुकलं त्याने पुढच्या एका फेरीत दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे आणि त्यानंतर पुन्हा खेळायचं. बाद कोणीच नाही. खेळ सोपा वाटू लागला की वेग वाढवू नका, उलट आवाज कमी करा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तुम्ही कुजबुजत 'पोपट उड' म्हणत असाल, तर ऐकू यावं म्हणून मुलं आपोआप गप्प राहतात. खेळाचा खरा उपयोग इथे आहे.

चूक तिसरी: एकेकाची पाळी लावणं

गावाची भेंडी किंवा गोष्टीची साखळी पाच-सहा जणांत सुरेख चालते. 36 जणांत मात्र प्रत्येकाने दहा सेकंद घेतले तरी एक फेरी सहा मिनिटांची होते, आणि त्यातली जवळजवळ सहाही मिनिटं प्रत्येक मूल रिकामं असतं. शिवाय एखादं लाजरं मूल अडलं की सगळे मिळून त्याला उत्तर सांगायला ओरडतात.

म्हणून मोठ्या गटासाठी असा खेळ निवडा, ज्यात सगळे एकाच वेळी पाहतात आणि बोटांनी उत्तर देतात. 'काय बदललं?' हा त्यातला सर्वांत भरवशाचा. तीन मुलांना पुढे उभं करा आणि 1, 2, 3 असे क्रमांक द्या. बाकीच्यांनी मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजत त्यांना नीट न्याहाळायचं. मग सगळ्यांनी डोकं दप्तरावर टेकवायचं. तेवढ्यात तिघांपैकी एकाने एकच बदल करायचा: बाही दुमडायची, रुमाल या खिशातून त्या खिशात अर्धा बाहेर ठेवायचा, वरचं बटण लावायचं. तुम्ही 'वर' म्हटलं की मुलांनी ज्याच्यात बदल दिसेल त्याच्या क्रमांकाएवढी बोटं छातीशी धरायची. बोलायचं नाही. सगळ्यांची बोटं वर आली की मग एकालाच विचारा, काय बदललं ते.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. बदल फार बारीक असला, म्हणजे फक्त पायमोजा थोडा खाली, तर मागच्या ओळीला दिसतच नाही. कमरेच्या वरचाच बदल करायला सांगा. आणि पुढे येण्यासाठी 'मी, मी' सुरू होतं. त्यावर उपाय म्हणजे मुलं तुम्हीच निवडा आणि पहिले तिघे शेवटच्या ओळीतून घ्या. आपली पाळी पुढे बसल्याने येत नाही हे कळलं की मुलं पुढे सरकत नाहीत.

चूक चौथी: रंगला म्हणून ताणणं

एक खेळ सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त नको. संपवायची खूण मुलांच्या तोंडावर शोधू नका, ओळींच्या टोकांकडे पाहा. टोकाची दोन-तीन मुलं शेजाऱ्याशी बोलू लागली की लगेच खेळ बदला. मधल्या मुलांना अजून मजा येत असते, म्हणून आपण फसतो.

खेळांचा क्रमही उलटा होता कामा नये. सुरुवातीला हात हलवायचा खेळ, मग पाहायचा, मग शांततेचा. दंग्याचा खेळ शेवटी घेतला तर मुलं तापलेल्या अवस्थेतच बसच्या दाराशी पोचतात. वरच्या 36 मुलांचा पाऊण तास असा जातो: पाच मिनिटं बसवण्यात, सात मिनिटं 'चिमणी उड', सात मिनिटं 'काय बदललं?', मग पाच मिनिटं पाणी आणि मोकळ्या गप्पा. ही मोकळी पाच मिनिटं वगळू नका. सलग खेळवलेली मुलं चिडचिडी होतात. त्यानंतर सात मिनिटं मोजणीचा खेळ, आणि बस आली नाही तर पुन्हा 'काय बदललं?'.

मोजणीचा खेळ असा: कोणीही 'एक' म्हणायचं, दुसऱ्या कोणीतरी 'दोन', असं दहापर्यंत. खाणाखुणा नाहीत, ठरवाठरवी नाही. दोघं एकदम बोलले की परत एकपासून. थांबून ऐकल्याशिवाय हा खेळ जमतच नाही, म्हणून तो शेवटी हवा. 36 जणांत तो पाचच्या पुढे जात नाही आणि मुलं हिरमुसतात, तेव्हा एका वेळी एकच ओळ खेळेल आणि बाकीच्या दोन ओळी निवाडा करतील: दोन आवाज एकदम ऐकू आले की हात वर.

चूक पाचवी: गुण मोजणं आणि वेळ सांगणं

दोन गटांत गुण लावले आणि मध्येच बस आली, की 'आम्हीच जिंकलो' हे भांडण बसमध्ये चढतं. कुठल्याही क्षणी दहा सेकंदांत सोडून देता येईल असाच खेळ घ्या. 'बस कधी येणार?' यावर 'पाच मिनिटांत' म्हणू नका. पाच मिनिटं उलटली की तुमची पुढची सूचनाही मुलांना तितकीच कच्ची वाटते. 'अजून तीन खेळ होतील, मग पाहू' हे उत्तर तुमच्या हातात असतं.

बस दिसली तरी 'आली!' म्हणू नका. ती पूर्ण थांबेपर्यंत चालू फेरी चालू ठेवा. मग साध्या आवाजात म्हणा, 'ज्याला ऐकू येतंय त्याने एक टाळी', मग 'दोन टाळ्या'. दुसऱ्या टाळीपर्यंत सगळे तुमच्याकडे वळतात. मागची ओळ आधी उठवा, मांजरीच्या पावलांनी चालायला सांगा, आणि दारात प्रत्येकाने आपला क्रमांक कुजबुजत सांगून वर चढायचं. छत्तीसावा क्रमांक कानावर आला की मोजणीही झालेली असते.