साठ सेकंदांचा पंप आणि ऑगस्टमधली गळती: ५५५ टायमरचा अनुभव

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी मालवणमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागलो, तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम अगदी साधे होते. बंदराजवळच्या एका शेडमध्ये मासळीचे क्रेट धुण्यासाठी पंप होता आणि बटण एकदा दाबले की तो साठ सेकंद चालून आपोआप बंद व्हावा, एवढीच शेडच्या मालकांची, म्हणजे काकांची, अपेक्षा होती. ५५५ आयसीचे मोनोस्टेबल सर्किट यासाठी पुरेसे आहे, हे मला पाठ होते. ते कोणत्या अटींवर पुरेसे आहे, हे मात्र पुढच्या तीन महिन्यांत कळले.

या सर्किटमध्ये ट्रिगर मिळताच आउटपुट वर जाते, म्हणजे पल्स सुरू होते, आणि कपॅसिटर रेझिस्टरमधून शून्यापासून भरू लागतो. त्याच्यावरचा विद्युतदाब पुरवठ्याच्या दोन तृतीयांशाला पोहोचला की आउटपुट खाली येते आणि सातव्या पिनमधून कपॅसिटर रिकामा होतो. शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरण्यास लागणारा वेळ RC च्या ln 3 पट, म्हणजे सुमारे १.१ पट असतो.

```
T = 1.1 × R × C
```

पुरवठ्याचा दाब या सूत्रात येत नाही, कारण भरण्याचा वेग आणि थांबण्याची मर्यादा दोन्ही त्याच प्रमाणात बदलतात. मी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ५६० किलोओहमचा रेझिस्टर निवडला. हिशेबाने ६१.६ सेकंद यायला हवे होते, घड्याळावर ७१ आले. यात सूत्राची चूक नव्हती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या किमतीत वीस टक्क्यांचा फरक सर्रास असतो आणि ७१ सेकंदांवरून उलट हिशेब केला तर माझा कपॅसिटर प्रत्यक्षात सुमारे ११५ मायक्रोफॅरडचा निघत होता. त्यामुळे कपॅसिटर तसाच ठेवून मी रेझिस्टर ४७० किलोओहमचा केला आणि वेळ साठाच्या अगदी जवळ आली. नवशिक्यांनी हाच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे: आधी हाती असलेल्या कपॅसिटरने वेळ मोजावी आणि मग रेझिस्टर ठरवावा.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत शेड बंद होती. ऑगस्टमध्ये काम सुरू झाले आणि काकांचा निरोप आला, "पंप थांबनाच नाय रे बाबा." मी गेलो तेव्हा पंप थांबत होता, पण साठऐवजी ७६ सेकंदांनी, आणि पावसाची सर येऊन गेलेल्या सकाळी तो खरोखरच थांबत नव्हता.

कपॅसिटर भरत असताना त्यातला थोडा प्रवाह दुसऱ्या वाटेने जमिनीकडे गळत असेल, तर दाब पूर्ण पुरवठ्यापर्यंत चढत नाही. ही गळती म्हणजे कपॅसिटरला समांतर जोडलेला एक अदृश्य रेझिस्टरच होय. तो टायमिंगच्या रेझिस्टरच्या बरोबर दुप्पट झाला की दाब दोन तृतीयांशाच्या उंबरठ्यावरच अडकतो, आणि त्याहून कमी झाला तर पल्स कधीच संपत नाही. माझ्या ४७० किलोओहमसाठी ही सीमा ९४० किलोओहम होती. दोन मेगओहमची गळती धरून हिशेब केला तर वेळ ७६ सेकंद येते, म्हणजे साधारण तेवढीच गळती त्या दिवशी होती. खारी हवा, दोन महिन्यांची ओल आणि सोल्डरिंगनंतर मी पुसायचा राहिलेला फ्लक्स यांनी बोर्डावर एवढा मार्ग तयार करणे अजिबात अवघड नाही.

मात्र गळती बोर्डावर आहे की कपॅसिटरच्या आत, हे ठरवल्याशिवाय उपाय करू नये. मी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, हेअर ड्रायरने वाळवला आणि वेळ मोजली. ती पुन्हा साठाजवळ आल्यामुळे दोष पृष्ठभागाचा ठरला. वेळ बदलली नसती, तर कपॅसिटर बदलावा लागला असता. हा भेद महत्त्वाचा असण्याचे कारण असे की पृष्ठभागावरच्या गळतीवर लहान रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर हा उपाय लागू पडतो, पण आतल्या गळतीवर तो सहसा पडत नाही: कपॅसिटर मोठा केला की त्याची स्वतःची गळतीही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, आणि तिथे कमी गळतीच्या प्रकाराचाच कपॅसिटर घ्यावा लागतो. मी ४७० मायक्रोफॅरड आणि १२० किलोओहम वापरले. त्यांची हिशेबी वेळ ६२ सेकंद आहे आणि तीच दोन मेगओहमची गळती आता तिला फार तर ६५ वर नेऊ शकते. शेवटी बोर्डावर वॉर्निशचा थर दिला. (जाता जाता: कपॅसिटरला जोडलेल्या सहाव्या पिनवर मल्टीमीटर लावून वेळ मोजू नये. त्याचा दहा मेगओहमचा रोधही एक गळतीच असते आणि जुन्या जोडणीत तेवढ्यानेच काही सेकंद वाढत होते.)

ट्रिगरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या पिनवरचा दाब पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की पल्स सुरू होते. पण पल्स संपण्याच्या वेळी ती पिन अजून खालीच असेल, तर आउटपुट खाली येत नाही. शेडमधली मंडळी क्रेट धुऊन होईपर्यंत बटण तळहाताने दाबून धरत आणि पंप त्यांच्या हातासोबतच चाले. म्हणून बटण आणि पिन यांच्यामध्ये मी १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घातला आणि पिन १० किलोओहमने १२ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडली. आता बटण कितीही वेळ दाबले तरी पिन सुमारे ४० मायक्रोसेकंदच एक तृतीयांशाखाली राहते. बटण सोडताना हाच कपॅसिटर पिनला पुरवठ्याच्या वर ढकलतो, म्हणून पिनपासून १२ व्होल्टकडे एक डायोड जोडावा.

तरीही कोणी साठ सेकंदांहून जास्त वेळ बटण धरून मग सोडले, की पंप पुन्हा सुरू होई. बटण दाबताना त्याच्या संपर्कांची होणारी थरथर पल्स चालू असताना येते आणि तिकडे ५५५ लक्ष देत नाही. सोडतानाची थरथर मात्र पल्स संपल्यावर येते आणि नवा ट्रिगर ठरते. बटणाच्या बाजूला १२ व्होल्टकडे १०० किलोओहमचा पुल-अप आणि जमिनीकडे १०० नॅनोफॅरड लावल्यावर त्या तारेवरचा दाब सावकाश चढू लागला. पिन १२ वरून ४ व्होल्टखाली नेण्यासाठी ८ व्होल्टची घसरण लागते आणि पहिल्या दहा-अकरा मिलिसेकंदांत तारेवर तेवढा दाब जमतच नाही, त्यामुळे थरथर वाया जाते.

उरला तो क्वचित होणारा प्रकार, की पंप बंद होताक्षणी स्वतःच पुन्हा चालू होई. पंप चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची तार काढून फक्त एलईडीवर सर्किट तासभर चालवले, तेव्हा तसे एकदाही घडले नाही. म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह तुटताना उठणारा झटका बटणाच्या लांब तारेत शिरत होता. कॉइलवर हा झटका शोषणारा स्नबर लावला, आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांना खेटून १०० नॅनोफॅरड आणि पाचव्या पिनवर १० नॅनोफॅरड बसवले, आणि बटणाची तार पंपाच्या तारांच्या पाइपातून काढून वेगळी नेली.