दांडीच्या स्लाइड्सची गोष्ट करताना

शिक्षकांच्या स्लाइड्सवरून वर्गात सांगायची संहिता लिहून देण्याचं काम मी करते. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी नमुना म्हणून मिठाच्या सत्याग्रहाचा धडा दाखवते. पाचवीच्या एका बाईंनी पाठवलेल्या स्लाइडवर एवढंच होतं: ‘कारणे: मिठावरील कर, सरकारची मक्तेदारी. 12 मार्च 1930: साबरमतीहून प्रस्थान, 78 सहकारी. 6 एप्रिल: दांडी येथे कायदेभंग. परिणाम: देशभर चळवळ, अटकसत्र.’

उजळणीला ही स्लाइड उत्तम आहे. पण नवखा लेखक याच मुद्द्यांना क्रियापदं जोडतो, मध्ये दोनदा ‘मुलांनो’ घालतो आणि गोष्ट झाली असं समजतो. स्लाइडचा क्रम कारण, घटना, परिणाम असा असतो, आणि तोच ठेवला तर ‘मक्तेदारी’ हा शब्द पहिल्याच मिनिटाला येतो. तिथेच मागचे बाक चुळबुळायला लागतात. म्हणून मी कारण सुट्टं सांगत नाही, आधी अडचण दाखवते. या धड्याची सुरुवात मी अशी केली:

‘समुद्राचं पाणी खड्ड्यात साठतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि तळाशी पांढरा थर उरतो. काय असेल तो? मीठ! कुणी बनवलं? समुद्राने आणि उन्हाने. पण तुम्ही ते मूठभर उचलून घरी नेलंत, तर पोलीस तुम्हाला पकडणार. का? कारण सरकार म्हणायचं, मीठ आमच्याकडूनच घ्या, आणि त्यावर कर भरा.’

मक्तेदारी सांगून झाली, तीही तो शब्द न वापरता. शब्द परीक्षेला लागतोच, तो तास संपताना फळ्यावर लिहायचा. आता मुलांना प्रश्न पडलेला असतो की यावर कुणी काही केलं का, आणि मग गांधीजी येतात.

इथे संवाद रचायचा मोह फार होतो. गांधीजी अमुक म्हणाले, व्हाइसरॉय खदाखदा हसला, वगैरे. मी ते कटाक्षाने टाळते, कारण मुलं गोष्टीतलं वाक्य तसंच्या तसं लक्षात ठेवतात आणि पुढे तेच इतिहास म्हणून सांगतात. शिवाय खरं साहित्य हाताशी असताना रचायचं कशाला? गांधीजींनी 2 मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं, आणि ज्याच्या राज्याविरुद्ध लढायचं त्यालाच ‘प्रिय मित्र’ म्हटलं. पत्र पोचवायला गेला तोही एक तरुण इंग्रज, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स. एवढं सांगून थांबलं तरी वर्गात हात वर होतात.

वाटचालीचे आकडे मी मुलांच्या मापात आणते. सुमारे 385 किलोमीटर म्हणजे नेमकं किती, ते दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘रोज साधारण 16 किलोमीटर, आणि चालणाऱ्या म्हाताऱ्याचं वय साठ’ हे कळतं. संहितेत मी तिथे कंसात गाळलेली जागा ठेवते: ‘म्हणजे आपल्या शाळेपासून … पर्यंत.’ ती बाईंनी भरायची. गावाचं नाव आपण घरी बसून ठरवू नये. तुकडीत नारायण मोरेश्वर खरे होते, आश्रमात भजनं म्हणणारे मराठी गायक. त्यांच्यासाठी दोन वाक्यं राखून ठेवावीत, म्हणजे बाईंना तिथे एखादं भजन गुणगुणता येतं.

तुकडीत मुली होत्या का, हा प्रश्न येतोच. निघालेल्या तुकडीत नव्हत्या, आणि संहितेत तसं स्पष्ट लिहावं. लगेच पुढे जोडावं की मे महिन्यात धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं. कोकणातल्या शाळेसाठी लिहीत असाल तर शिरोड्याचा सत्याग्रहही इथेच आणावा.

शेवट मात्र जपून करावा. मूठभर मीठ उचललं आणि ‘इंग्रज घाबरले’ असं लिहिलं की टाळ्या पडतात, पण मुलांना वाटतं दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य मिळालं. मी लिहिते: ‘कायदा तिथेच होता. हजारो लोक तुरुंगात गेले, गांधीजीही गेले. पुढच्या वर्षी समझोता झाला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ घ्यायची मुभा मिळाली. स्वातंत्र्य अजून सोळा वर्षं लांब होतं.’

लांबीचा हिशेब माझा असा: पस्तीस मिनिटांच्या तासात सलग गोष्ट बारा मिनिटांच्या वर नको, आणि थांबत बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे संहिता बाराशे शब्दांच्या आत बसवायची. वाक्य मोठ्याने वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर ते तोडायचं. बाईंना थांबायचं असेल तिथे समासात रेघ मारून द्यायची. स्लाइडवर फक्त साबरमती ते दांडीचा नकाशा ठेवायचा. मजकूर राहिला की मुलं ऐकायचं सोडून तो वहीत उतरवायला घेतात.