दोघांनी लिहिलेली एकच एकांकिका एका आवाजात कशी आणायची

सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो, दोन्ही ड्राफ्टमधले चांगले चांगले सीन निवडा आणि जोडा. हे करू नका. मी केलंय, आणि तालमीत आईचं काम करणारी बाई तिसऱ्या प्रवेशाला थांबून म्हणाली, "सर, ही बाई मगाचची नाय की वो, दुसरीच कुणीतरी आली." ती बरोबर होती. प्रवेश एकचा लेखक वेगळा, तीनचा वेगळा, आणि दोन्ही प्रवेश आपापल्या जागी झकास होते.

उदाहरण तेच घेतो. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, आई विड्या वळते, बापाच्या माघारी एक पॉवरलूम पडून आहे, पोराला तो विकायचाय. एक ड्राफ्ट आमच्या इथल्या पोराचा, दुसरा पुण्याला राहणाऱ्या मित्राचा. गोष्ट एकच, वेळ ४५ मिनिटं.

सुरुवातीची कामं पटकन सांगतो. दोघांची परवानगी घ्या, नाव कुणाचं कसं लागणार ते आधीच बोलून घ्या. एक ड्राफ्ट जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या. दोन्ही कागदावर काढा.

मग एक ड्राफ्ट पाया म्हणून ठरवा. कुठला? ज्यात माणसं जास्त जिवंत बोलतात तो, प्लॉट कुणाचा भारी आहे ते बघू नका, कारण प्लॉट हलवता येतो, बोलणं हलवताना मरतं. आमचा पाया सोलापूरचा ड्राफ्ट. पुण्याच्या ड्राफ्टमधली घटनांची मांडणी चांगली होती, ती त्याच्यात ओतायची ठरलं.

त्यानंतर एका कागदावर दोन्ही ड्राफ्टचे प्रवेश शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकासमोर एवढंच मांडा की कुणाला काय कळलं. इथं गडबड लपलेली असते. आमच्या एका ड्राफ्टमध्ये पोराला बापाचं कर्ज दुसऱ्या प्रवेशात कळतं, दुसऱ्यात चौथ्या. नुसतं जोडलं तर पोरगं चौथ्या प्रवेशात "कसलं कर्ज?" विचारतं आणि प्रेक्षक हसतात. कधी कळणार ते एकदा ठरवा, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या ओळी त्या हिशोबानं तपासा.

आता खरी अडचण, आवाज. यात माझे दोन महिने गेलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला आधी वाटायचं आवाज म्हणजे बोली. म्हणून मी पुण्याच्या ड्राफ्टवर फाइंड-रिप्लेस मारला, "आहे" काढून "हाय". सगळीकडे बदललं, आणि लग्नाच्या प्रवेशात "आहेर" होता त्याचा "हायर" झाला. ते सोडा, ते दुरुस्त होतं. वाईट हे की सगळं "हाय" करूनसुद्धा आई पुण्याचीच वाटत होती, फक्त सोलापुरात राहायला आल्यासारखी.

कारण माणूस कुठले शब्द वापरतो त्यापेक्षा तो उत्तर कसं देतो त्यात आवाज असतो. हे कळायला मी एक काम केलं, तेवढंच तुम्ही करा. प्रवेशाप्रमाणं जाऊ नका, पात्राप्रमाणं जा. आईची सगळी वाक्यं, फक्त आईची, दोन्ही ड्राफ्टमधून काढून दोन वेगळ्या कागदांवर लिहा आणि सलग वाचा. आमच्या सोलापूरच्या ड्राफ्टमधली आई पाच-सहा शब्दांत बोलते, प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देते, मनातलं कधीच थेट सांगत नाही, आणि तिचे हात सुपात चालू असल्यानं मान वर करत नाही. पुण्याच्या ड्राफ्टमधली आई एका दमात वीस शब्द बोलते, "मला वाटतं" म्हणते, आणि स्वतःचं दुःख स्वतःच समजावून सांगते. या दोघी एका घरात राहू शकत नाहीत. एक निवडा आणि तिचे तीन-चार नियम लिहून भिंतीला लावा, चारच्या वर नको, लक्षात राहत नाहीत.

आता एक ओळ करून दाखवतो. पोरगं म्हणतं, माग विकतो. सोलापूरची आई:

"विकायचा तर विक की. मला कशाला इचारायलास?"

पुण्याची आई:

"तुझ्या बाबांनी रात्र रात्र जागून हा माग चालवला, तो गेला तर माझं सगळंच संपेल असं मला वाटतं."

पहिलीत आवाज आहे पण माहिती नाही. दुसरीत माहिती आहे, आणि ती लागते, कारण बाप रात्रपाळीत वारला हे पुढं चौथ्या प्रवेशात उघडणार आहे. मी आधी दोन्ही ओळी एकामागं एक ठेवल्या, तर आई तोंड फिरवून पुन्हा रडायला आल्यासारखी झाली. मग असं लिहिलं:

"विक की. रात्री आवाज बंद पडला की झोप मोडायची माझी. तेवढीच झोप लागंल आता."

रात्रीचा माग आला, बाप न बोलता आला, आणि बाई अजून मान खाली घालून विड्याच वळतीय. प्रत्येक वेळी असं जमत नाही. जी माहिती आई या नियमांत बोलूच शकत नाही ती तिच्या तोंडी कोंबू नका, दुसऱ्याला द्या. आमच्याकडं कर्जाचा आकडा शेजारीण बोलते, तिला सगळं मोठ्यानं सांगायची सवयच आहे.

आणखी एक गोष्ट सगळे विसरतात, हाक. एका ड्राफ्टमध्ये पोरगं आईला "तू" म्हणतं, दुसऱ्यात "तुम्ही", आणि मित्र एकीकडं "काय करायलास बे" आणि दुसरीकडं "अरे काय करतोयस". कोण कुणाला काय म्हणतो याचा तक्ता करा. आणि भांडणात हाक बदलत असेल तर ती मुद्दाम बदललेली हवी, ड्राफ्ट बदलला म्हणून बदललेली नको.

हे झालं की कॉपी-पेस्ट बंद. पूर्ण संहिता कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून स्वतः टाइप करा, पाया असलेल्या ड्राफ्टच्या ओळीसुद्धा. कंटाळवाणं काम आहे पण पेस्ट केलेली ओळ डोळ्याखालून सुटते, टाइप करताना बोटं अडखळतात, आणि जिथं अडखळतात तिथं शिवण उघडी आहे असं समजा. रंगसूचना पण याच हातानं, नाहीतर एकीकडं "आई उठते" आणि दुसरीकडं अर्ध्या पानाचं प्रकाशाचं वर्णन राहतं.

पहिली प्रत लांबणारच. आमची ५८ मिनिटांची झाली, कारण दोन्ही लेखकांनी एकच गोष्ट आपापल्या जागी पेरली होती आणि मला दोन्ही आवडल्या. दुसऱ्यांदा येणारी कापा, कितीही छान असली तरी.

शेवटी पात्रांची नावं झाकून एखाद्याला वाचायला द्या, दोन्ही ड्राफ्ट न वाचलेल्या माणसाला. मधलं कुठलंही पान काढायचं आणि कोण बोलतंय ते त्यानं सांगायचं. आईला दोनदा शेजारीण म्हणाला तर त्या दोन ओळी परत. दोन्ही लेखकांना मात्र हे वाचन ऐकवू नका, ते आपापली वाक्यं शोधत बसतात. त्यांना, प्रयोगाआधी संहिता मंजूर करणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडं प्रत जायच्या आधी एकदा दाखवा, त्यानंतर कुणी ओळ बदलली तर मंजूर झालेली प्रत आणि स्टेजवरचं बोलणं वेगळं पडतं.