झेड रिपोर्ट मारण्याआधी: दिवसअखेरचे आकडे आणि गल्ल्यातली रोकड

शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं की लगेच बिलिंग मशीनवर झेड रिपोर्ट मारू नका. आधी एक्स रिपोर्ट काढा. एक्स आकडे नुसते दाखवतो, मशीनमध्ये सगळं तसंच राहतं. झेड मात्र दिवस बंद करतो, दिवसाच्या बेरजा शून्यावर आणतो, आणि त्यानंतर केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांत जाऊन बसते. मग एका दिवसाची चूक दोन दिवसांना चिकटते. जुळवाजुळव एक्सवर करायची आणि सगळं बसलं की झेड.

कागद, पेन, कॅल्क्युलेटर हे सांगायला नको. थांबवून ठेवलेली बिलं एक तर पूर्ण करा, नाहीतर रद्द करा. कार्ड मशीनची दिवसाची बेरीज काढून ठेवा. क्यूआरने आलेल्या पैशांची यादी काढताना वेळ बघा: अ‍ॅपचा दिवस मध्यरात्री बदलतो, तुमचा गल्ला बंद करताना बदलतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. दिवसभरातल्या सगळ्या रिटर्नच्या पावत्या एका जागी आणा आणि प्रत्येकीवर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा: मूळ बिलाचा नंबर, मूळ बिलाचे पैसे कशाने आले होते, आणि परत देताना ते कशाने गेले. गल्ला बंद करण्यावर मी आधी एकदा लिहिलं होतं, त्यात यातली तिसरी गोष्ट सांगायची राहिली. परतावा कशाने गेला? रोख दिला, कार्डवर उलटा पाठवला, की क्रेडिट नोट दिली? हे रिटर्न घेतानाच पावतीच्या मागे लिहा. रात्री विचारलं तर काउंटरवरच्या माणसाला रिटर्न आठवतं, पैसे कशाने दिले ते आठवत नाही.

रोकड मोजताना रिपोर्ट समोर ठेवू नका. अपेक्षित आकडा माहीत असला की हात त्या आकड्यापाशीच थांबतो. सकाळी गल्ल्यात ठेवलेले सुट्टे वेगळे काढू नका, सगळं एकत्र मोजा आणि ते सुट्टे हिशेबात धरा. नोटांप्रमाणे यादी करा. दुसऱ्या माणसाला पुन्हा मोजायला लावा.

मग रिपोर्ट वरून खाली वाचा. एक उदाहरण घेऊ, कर किमतीतच धरलेला आहे. एकूण विक्री ६४,२००, रिटर्न २,४००, सवलत ३,१५०. म्हणजे निव्वळ विक्री ५८,६५०. खाली पैसे कशाकशाने आले ते: रोख २३,९००, कार्ड १४,३५०, क्यूआर १९,२००, क्रेडिट नोट १,२००. ही बेरीजही ५८,६५० येते.

ही बेरीज स्वतः करून बघा, कारण ती एक महत्त्वाचं सांगते. ती निव्वळ विक्रीएवढी आली, म्हणजे रोखीच्या ओळीतून रोख परतावे आधीच वजा झालेले आहेत. तीच बेरीज ६१,०५० आली असती, म्हणजे रिटर्नचे २,४०० मिळवल्यावर येते तेवढी, तर परतावे अजून वजा व्हायचे आहेत. मशीन बदललं की हे बदलू शकतं, एकाच मशीनमध्ये सेटिंग बदलल्यानेही बदलू शकतं. ते न बघता हिशेब केला तर परतावे एक तर दोनदा वजा होतात, नाहीतर एकदाही नाही.

सवलतीची ओळ रोकडीच्या हिशेबात पुन्हा वजा करायची नाही. गल्ल्यात आलेले पैसे सवलत जाऊनच आलेले असतात. या ओळीकडे बघायचं ते दुसऱ्याच कारणासाठी: बिल पूर्ण किमतीचं निघालं, पैसे घेऊन झाले, मग गिऱ्हाइकाने सवलतीची आठवण करून दिली आणि काउंटरवरच्याने फरक गल्ल्यातून काढून दिला. मशीनला त्याचा पत्ता नाही. सवलत वाढलेली दिसत नाही आणि रोकड तेवढी कमी भरते. असं झालं असेल तर ते बिल रद्द करून नवं काढायचं, आणि तेही झेडच्या आधी. रिटर्नच्या बाबतीत आणखी एक बघा: सवलतीत विकलेला माल छापील किमतीला परत घेतला गेला असेल, तर सवलतीएवढे पैसे तुम्ही गिऱ्हाइकाला वरून दिलेत. रिटर्नच्या पावतीवरचा आकडा मूळ बिलात प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेशी ताडून बघा.

आता गल्ल्यात किती असायला हवं ते. सकाळचे सुट्टे २,०००, त्यात रोख विक्री २३,९००. गल्ल्यातून दिलेला मालवाहतुकीचा खर्च ६५० वजा, त्याचं व्हाउचर हातात हवं. दुपारी तिजोरीत टाकलेले १५,००० वजा. राहायला हवेत १०,२५०. मोजले तर निघाले ९,१५०, म्हणजे १,१०० कमी.

इथे घाईने कुणावर तरी संशय घ्यायच्या आधी बाकीच्या ओळी बघा. कार्ड मशीनची बेरीज १४,३५०, बरोबर. क्यूआरच्या अ‍ॅपमध्ये मात्र २०,३०० आले आहेत, आणि रिपोर्ट १९,२०० म्हणतो. १,१०० जास्त. रोकड जेवढी कमी, क्यूआर बरोबर तेवढंच जास्त. पैसे कुठेही गेलेले नाहीत, नोंद चुकीच्या ओळीत बसली आहे.

पावत्या काढा. त्या दिवशी तीन रिटर्न होते: ९०० रोख, ४०० ची क्रेडिट नोट, आणि १,१०० चं एक. हे शेवटचं मूळ बिल क्यूआरने भरलेलं होतं. मशीनने परतावा आपसूक मूळ मार्गावर, म्हणजे क्यूआरवर टाकला आणि क्यूआरमधून १,१०० वजा करून टाकले. काउंटरवरच्याने मात्र गिऱ्हाईक थांबलंय म्हणून गल्ल्यातून नोटा काढून दिल्या. म्हणूनच परत सांगतो: मूळ बिल कशाने आलं हे पुरेसं नाही, परतावा कशाने गेला ते लिहा. पहिली गोष्ट मशीनला माहीत असते. दुसरी फक्त देणाऱ्याला माहीत असते.

उलटही होतं. मशीन परतावा रोख धरतं आणि प्रत्यक्षात पैसे कार्डवर उलटे पाठवलेले असतात. मग रोकड जास्त भरते आणि कार्डची बेरीज कमी. जास्त भरली म्हणून खूश होऊन सोडून देऊ नका, तोही तितकाच चुकलेला हिशेब आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि तो रोकड बघून कळत नाही. बिलिंग मशीनवर परतावा कार्डवर टाकला, पण कार्ड मशीनवर जाऊन पैसे उलटे पाठवायचे राहिले. दोन मशीनं एकमेकांना जोडलेली नसतील तर पहिल्यावर नोंद केल्याने दुसऱ्यावर काहीच होत नाही. अशा वेळी रोकड तंतोतंत जुळते आणि फक्त कार्ड मशीनची बेरीज रिपोर्टपेक्षा परताव्याएवढी जास्त दिसते. याचा अर्थ गिऱ्हाइकाचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत. रोकड जुळली म्हणून तिथेच थांबणाऱ्याला हे गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर कळतं. म्हणून रोकड जुळली तरी कार्ड आणि क्यूआरच्या ओळी त्यांच्या त्यांच्या बेरजेशी लावून बघायच्याच.

रोकड कमी आणि दुसरी ओळ तेवढीच जास्त, असं दिसूनही रिटर्नच्या पावत्यांत तो आकडा सापडला नाही, तर बिलांची यादी काढा आणि त्या रकमेचं बिल शोधा. क्यूआरने पैसे आले आणि बटण रोखीचं दाबलं गेलं असलं तरी फरक हुबेहूब असाच दिसतो. आधी रिटर्न बघायचे ते एवढ्याचसाठी की ते मोजके असतात आणि बिलं ढीगभर.

क्रेडिट नोट दिली तर गल्ल्यातून काही जात नाही, ती वापरली गेली तर काही येत नाही. रिपोर्टमध्ये १,२०० दिसतात ते वापरलेल्या १,६०० मधून नव्या दिलेल्या ४०० गेल्यावरचे. वापरलेल्या नोटांची बेरीज लावून बघा आणि त्या तिथेच फाडून रद्द करा, नाहीतर तीच नोट पुन्हा काउंटरवर येते.

फरक दुसऱ्या कुठल्याच ओळीत दिसत नसेल तर त्याला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर लिहिताना शेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी: ३,६४० च्या जागी ३,४६०, फरक १८०. फरकाच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं तर ते वजा करायच्या ऐवजी मिळवलं गेलं असेल. एवढं करूनही सापडलं नाही तर पुन्हा एकदा मोजा, चिकटलेल्या नोटा सुट्या करून.

बाकी थोडक्यात. दुरुस्त करता येईल ते एक्सवरच दुरुस्त करा आणि एक्स पुन्हा काढा. परतावा कशाने गेला हे बदलताना मूळ बिलाला हात लावू नका, फक्त रिटर्नची नोंद रद्द करून योग्य मार्गाने पुन्हा करा. उरलेला फरक, कमी असो की जास्त, आहे तसा कीर्दीत लिहा. खिशातून भरू नका आणि जास्तीचे पैसे उद्याच्या सुट्ट्यांत मिसळू नका.

मग झेड. त्याचा क्रमांक कालच्यापुढचाच आहे ना बघा, मध्ये क्रमांक सुटला असेल तर मधल्या वेळात कुणीतरी दिवस बंद केलेला आहे आणि तुमच्यासमोर अर्ध्याच दिवसाचे आकडे आहेत. नोटांची यादी, कार्डची बेरीज, व्हाउचर आणि रिटर्नच्या पावत्या झेडला टाचून ठेवा, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. उद्याचे सुट्टे मोजून वेगळे काढा. पावत्या टाचताना त्या उलट्या करून बघा, मागे परतावा कशाने गेला ते लिहिलेलं नसेल तर ज्याने दिला तो घरी जायच्या आत विचारून घ्या.