ड्रिलिंगच्या आधी खडकाची खोली काढताना या चुका टाळा (त्यातली १६०० वाली आधी)

रिफ्रॅक्शनचा, म्हणजे जमिनीवर ठोका मारून लहरी पोचायला लागणाऱ्या वेळेवरून थरांची खोली काढणाऱ्या सर्व्हेचा, कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी एकच आकडा शोधतो, ज्या लेयरला "खडक" म्हटलंय त्याचा वेग किती दिलाय. तो १५०० ते १७०० मीटर पर सेकंदच्या मधे कुठेतरी असेल आणि लेयर लाईनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट असेल, तर पुढचं वाचायच्या आधी मी विचारतो की इथे पाणी किती खोल लागतं? बहुतेक वेळा समोरचा गप्प. कारण कुणी बघितलेलंच नसतं.

पाण्यात आवाजाचा वेग साधारण १५००. कोरड्या वाळूत किंवा मोकळ्या मातीत पी-वेव्ह, म्हणजे आवाजासारखी दाबाची लहर, ३०० ते ६०० नी जाते, पण तीच वाळू पाण्याने पूर्ण भरली की वेग एकदम १५०० च्या वर उडी मारतो. म्हणजे पाण्याच्या पातळीलाच वेग तिप्पट-चौपट होतो, वेळ-अंतराच्या आलेखावर छान तोडलेला कोपरा दिसतो, सॉफ्टवेअर खुशाल तिथे रिफ्रॅक्टर, म्हणजे लहर वळवणारी थराची सीमा, काढून देतं आणि घाईतला माणूस त्याला खडक म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की झिजलेल्या खडकाचा वेगही याच पट्ट्यात येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून हेही म्हणता येत नाही की हे पाणीच आहे. दुसरा पुरावा लागतोच.

एका बांधकामाच्या जागेवर हेच झालं होतं, मला नंतर बोलावलं. रिपोर्टमधे खडक ५ मीटरवर, "वरचा भाग झिजलेला" अशी पुस्ती जोडलेली, पायाचा हिशोब त्यावरच झालेला. ड्रिलर आला, ५ मीटरला ओली वाळू, ८ ला ओली वाळू आणि गोटे, १० ला तेच, आणि खडक लागला १४ ला. सर्व्हेवाले म्हणतात रिग चुकीच्या जागी उभी केली, ड्रिलर म्हणतो आता मी काही बोललो तर वाईट वाटेल. मी कच्चा डेटा मागवून घेतला आणि बघितलं तर पिकिंग, म्हणजे लहर पोचल्याची वेळ टिपणं, अगदी बरोबर होतं. गणितही बरोबर होतं. चुकली होती ती लाईनची लांबी.

जमिनीची कंपनं टिपणारे २४ जिओफोन, १ मीटर अंतर, म्हणजे २३ मीटरची लाईन आणि हातोड्याचा शॉट पहिल्या जिओफोनपाशी. वरच्या लेयरचा वेग ४००, खालच्याचा १६००, आणि आलेखातला कोपरा साधारण १३ मीटरवर. दोन लेयरचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं, h वरच्या लेयरची जाडी, xc कोपऱ्याचं अंतर, V1 आणि V2 वरचा आणि खालचा वेग:

```
h = (xc/2) × √((V2 − V1)/(V2 + V1))
```

आकडे घाला, साडेसहा गुणिले ०.७७, उत्तर ५ मीटर. आणि ५ मीटरवर खरंच पाणी होतं, म्हणजे उत्तर बरोबरच आलं, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं होतं.

आता खाली ९ मीटर भिजलेली वाळू आणि मग ३५०० चा खडक असेल तर खडकावरून येणारी लहर पाण्याच्या लेयरवरून येणाऱ्या लहरीला कुठे गाठते ते काढून बघा. दोघींच्या इंटरसेप्ट टाइममधे, म्हणजे आलेखावरची रेषा मागे शून्य अंतरापर्यंत नेल्यावर मिळणाऱ्या वेळेत, साधारण १०.६ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि खडकावर प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.३४ मिलिसेकंद वाचतात. भागाकार केला की ३१ मीटर. म्हणजे शॉटपासून ३१ मीटरच्या अलीकडे खडक फर्स्ट ब्रेकमधे दिसूच शकत नाही, आणि यांची लाईन २३ ला संपली! कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणा, रेकॉर्डमधे पहिली येणारी लहरच खडकाची नाही तर ते काय दाखवणार.

याला जादा केबल लागत नव्हती हेच जास्त खटकतं. तोच स्प्रेड तसाच ठेवून शॉट २० मीटर मागे नेला असता तर अंतरं २० ते ४३ मीटर झाली असती, आणि ३१ चा कोपरा लाईनच्या बरोबर मधे, बाराव्या जिओफोनच्या आसपास पडला असता. म्हणून मी दोन्ही बाजूंना लाईनच्या बाहेरचे शॉट घेतल्याशिवाय केबल गुंडाळू देत नाही. लांबच्या शॉटला हातोड्याचा सिग्नल मरतो हे खरं, मग दहा-वीस ठोके स्टॅक करा, वाहनं जात असतील तर थांबा, पण घ्या. "हात दुखतात" हे कारण मी खूप ऐकलंय. ढोबळ हिशोब असा की शॉट ते शेवटचा जिओफोन हे अंतर अपेक्षित खोलीच्या चौपट-पाचपट तरी हवं, आणि खोली माहीतच नसेल (नसतेच, म्हणून तर सर्व्हे) तर आणखी लांब.

पाणी की खडक हे ठरवायला माझ्या सवयीचे तीन उपाय आहेत. एक, जवळच्या विहिरीत किंवा पिझोमीटरमधे पाण्याची पातळी मोजा, हे फुकट आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. दोन, जमीन वरखाली असून रिफ्रॅक्टर जवळजवळ आडवा राहिला तर संशय घ्या, खडकाचा माथा इतका शिस्तीत सहसा नसतो. तीन, एस-वेव्ह, म्हणजे जमीन आडवी हलवणारी लहर, मोजा, निदान पृष्ठभागावरच्या लहरींवरून तिचा वेग काढणारी एखादी MASW लाईन तरी टाका. पाण्यातून एस-वेव्ह जात नाही, त्यामुळे वाळू भिजल्याने तिचा वेग फारसा बदलत नाही, मोकळ्या वाळूत दोनशे-तीनशेच राहतो, आणि बऱ्यापैकी खडक आला की सातशेच्या वर जातो. पी-वेव्ह उडी मारते आणि एस-वेव्ह ढिम्म, तर ते पाणी.

आता दुसरी चीड, जमिनीत करंट सोडून तिचा विद्युतरोध मोजणाऱ्या रेझिस्टिव्हिटीच्या चित्रातला रंग.

त्याच जागेवर रेझिस्टिव्हिटीची लाईनही झाली होती, ४८ इलेक्ट्रोड, ३ मीटर अंतर, आणि ती चांगली होती. वर कोरडी वाळू काही शे ओहम-मीटर, ५ मीटरखाली एकदम ५०-६०, आणि मग खोल जाताना हळूहळू चढत पाचशेच्या पुढे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली असती तरी शंका आली असती, कारण ५ मीटरला वेग वाढतोय आणि रेझिस्टिव्हिटी पडतेय. याचा पहिला अर्थ पाणी. (पक्का पुरावा नाही हां, चिकणमाती भरलेला झिजलेला खडकही ५०-६० दाखवतो, पण शंका यायला हवी होती.) दोन्ही पद्धती दोन वेगळ्या लोकांनी केल्या, दोन वेगळ्या प्रकरणांत छापल्या आणि एकानेही दुसऱ्याचं पान उलटलं नाही.

बरं, रेझिस्टिव्हिटीवाल्याने खडकाची रेषा कुठे काढली? १०० ओहम-मीटरवर. का, तर तिथे हिरवा संपून पिवळा सुरू होतो! ती रेषा ११ मीटरवर येत होती. ३०० ची रेषा धरली असती तर १६ वर आली असती. बोअरमधे खडक १४ ला. एकाच चित्रातून नुसत्या रेषेच्या निवडीने पाच मीटरचा फरक, आणि रिपोर्टमधे आकडा दशांशासकट.

याचं कारण इन्व्हर्जनमधे, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरून जमिनीचं चित्र काढणाऱ्या गणितात आहे. नेहमीचं स्मूथ इन्व्हर्जन मुद्दामच शेजारच्या ब्लॉकमधले मोठे फरक दाबतं, त्यामुळे जमिनीत एका फुटात होणारा बदल चित्रात चार-पाच मीटर पसरतो आणि खोल जाल तसा आणखी पसरतो. रंगपट्टी तर सॉफ्टवेअरने आपल्या मनाने लावलेली असते, तिला खडकाशी देणंघेणं नाही. मी तोच डेटा रोबस्ट, म्हणजे ब्लॉकी इन्व्हर्जननेही चालवतो आणि दोन्हींत जिथे बदल सगळ्यात वेगाने होतो तो पट्टा धरतो. मग एका बोअरला तो जुळवून तिथे जो ओहम-मीटरचा आकडा येईल तो त्या लाईनपुरता वापरतो. दुसऱ्या जागेवरचा आकडा इथे चालत नाही. ताज्या ग्रॅनाइटला हजारो ओहम-मीटर येतात पण शेल कधी कधी २०-५० वरच असतो, ओल्या चिकणमातीखाली शेल असेल तर रेझिस्टिव्हिटीला सीमा दिसणारच नाही आणि तिथे रंग कितीही ताणले तरी उपयोग नाही.

आरएमएस एरर, म्हणजे मोजलेल्या आणि गणितातून आलेल्या आकड्यांतला फरक, १ टक्क्यावर आणायला वीस-वीस इटरेशन चालवणारे नवशिके भेटतात. ३ ते ५ वर थांबा, पुढे तुम्ही नॉइजलाच जमिनीचे थर समजून काढत बसता. आणि खोलीचं म्हणाल तर वेनर किंवा श्लंबर्जर या इलेक्ट्रोडच्या मांडण्यांना लाईनच्या लांबीच्या सहाव्या भागाइतकंच भरवशाचं दिसतं, १४१ मीटरला सुमारे २४, तेही मधे. टोकांकडे चित्र तिरपं कापलेलं असतं, तिथे सर्वात खोल इलेक्ट्रोड अंतरांचा डेटाच नाही. AB/2, म्हणजे करंटच्या दोन इलेक्ट्रोडमधलं निम्मं अंतर, हीच खोली असं अजूनही कुणी लिहितं तेव्हा मी वाद घालत नाही.

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि जमीन यांच्यातला रोध, लाईन चालू करायच्या आधी बघा. एक-दोन किलोओहमपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की मिठाचं पाणी, खडकाळ जागी बेंटोनाइटचा चिखल. नंतर प्रोसेसिंगमधे सुधारू म्हणणाऱ्याने ते कधी सुधारलेलं मी बघितलं नाही. लाईनला समांतर लोखंडी पाइप किंवा तारेचं कुंपण असेल तर लाईन हलवा, नाहीतर पाइपचाच सर्व्हे होईल.

रिफ्रॅक्शनला रिव्हर्स शॉट, म्हणजे लाईनच्या दुसऱ्या टोकाचा शॉट, नसेल तर मी वेग मानतच नाही. ५०० वर २५०० चा खडक आणि उतार फक्त ५ अंश, तर उताराच्या दिशेने वेग साधारण १७५० दिसतो आणि चढाच्या दिशेने ४४००. म्हणजे एकच खडक एका बाजूने झिजलेला आणि दुसऱ्या बाजूने ठणठणीत. दोन्ही टोकांचे शॉट झाले की टोक ते टोक वेळ दोन्हीकडून सारखी येते का ते जागेवरच बघा, दोन मिलिसेकंदांच्या वर फरक असेल तर ट्रिगर गडबडलाय, पुन्हा मारा.

लपलेल्या लेयरवर रिफ्रॅक्शनमधे इलाज नाही, तो माहीत असणं एवढाच इलाज. वाळू आणि खडकाच्या मधे २२०० चा झिजलेला थर पातळ असेल तर त्याची लहर कधीच पहिली येत नाही, आणि मग खडक प्रत्यक्षापेक्षा वर आल्यासारखा निघतो. उलट वरती घट्ट थर आणि खाली मऊ असेल तर मऊ थर दिसत नाही आणि खडक जास्त खोल निघतो. अशा ठिकाणी रेझिस्टिव्हिटीला विचारायचं.

पहिला बोअर कुठे मारायचा हेही लोक सोय बघून ठरवतात, रिग जिथे सहज पोचेल तिथे. मी तो अशा जागी मागतो जिथे दोन्ही पद्धतींचं एकमत नाही, कारण एकमत आहे तिथे बोअरने नवीन काही कळत नाही. आणि ड्रिलरला आधीच सांगून ठेवतो की खडक लागला म्हणून थांबू नकोस, कमीत कमी ३ मीटर कोअर खडकात काढ. वरच्या त्या जागेवर ९ मीटरला एका बोअरमधे कठीण लागलं होतं आणि सगळे खूश झाले होते, तो सव्वा मीटरचा गोटा होता, खाली पुन्हा वाळू.